भावाच्या ट्यूशनला बहिणीचे प्रश्न

आमच्या कामाला कोणी धंदा म्हणत नाही, आणि सेवा तर मुळीच म्हणत नाही. 'ट्यूशन घेते' एवढंच म्हणतात. शाळेत शिकवणारी ती शिक्षिका आणि घरी शिकवणारी ती ट्यूशनवाली, असा हिशेब आहे. दोघींनी बी.एड. एकाच कॉलेजात केलं असलं तरी! माझ्याबरोबरची मैत्रीण शाळेत लागली, मी नाही लागले. मुलाखतीला गेले की संस्थाचालक जे विचारायचे त्याचा शिकवण्याशी फारसा संबंध नसायचा. सरकारी भरती निघेल म्हणून वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता लाखनीच्या घरातल्या समोरच्या खोलीत एक फळा लावला. तो अजून तिथंच आहे. माझी वीस-बावीस वर्षं त्या फळ्यासमोर गेली आणि खरं सांगते, बरी गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्यूशन म्हणजे शाळेत शिकवलेलं पुन्हा शिकवणं. तसं असतं तर किती सोपं झालं असतं. माझ्याकडे नववी-दहावीचं पोरगं येतं तेव्हा मी त्याला पहिल्या दिवशी नववीचं गणित देतच नाही. चौथीचा भागाकार देते. तो आला की पाचवीचे अपूर्णांक, ते आले की सहावीचे ऋण आकडे. कुठंतरी पेन थांबतो. तिथून सुरुवात करायची. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नाहीत, पोरगं वर वर सरकत राहतं, आणि सुटलेलं सुटलेलंच राहतं. एकाच शाळेतली पाच पोरं आली आणि पाचही जणांचा पेन अपूर्णांकावर थांबला, की मी न विचारता सांगते, तुम्ही पाचवीत होता तेव्हा गुरुजींची बदली झाली होती ना? पोरं चाट पडतात. त्यात जादू काही नाही. गुरुजी निवडणुकीच्या कामात, गुरुजी ट्रेनिंगमध्ये, दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी, किंवा जागाच रिकामी. पोरांच्या डोक्यात त्याची बरोबर तेवढीच जागा रिकामी राहते.

बॅचच्या वेळा मी ठरवत नाही, एस.टी. ठरवते. खेड्यातून पहिली गाडी येते तेव्हा पहिली बॅच. ती सुटली की पोरं तशीच शाळेत. त्यामुळं माझी अर्धी पोरं अर्धवट झोपेत असतात आणि माझा आवाज मोठा झाला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, बाई, तुमचा पायथागोरस आम्हाले पण पाठ झाला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई दुसरीतल्या पोरीला घेऊन आल्या. मी म्हटलं, इतक्या लहान पोरीला कशाला? तर म्हणे, शेजारची जाते, आपली मागं नको राहायले. एक गृहस्थ रोज दाराशी उभे राहून ऐकायचे आणि महिन्याच्या शेवटी तक्रार घेऊन आले, की तुम्ही मारत काहून नाही? मारलं नाही तर शिकवलं असं त्यांना वाटेना. आणि गंमत म्हणजे शाळेतल्या शिक्षकांची स्वतःची पोरंही माझ्याकडे असतात. वडील दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून दमतात, आणि आपल्या पोराला माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना हसत नाही. घरातल्या डॉक्टरचं औषध कोण खातं?

पण आईबापांची चेष्टा करणं सोपं आहे. आपल्याकडचा बाप पोराला ट्यूशनला का टाकतो? कारण पोरगं 'हे कसं करायचं' म्हणून पुस्तक पुढं करतं तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही, आणि ती लाज त्याला धानाच्या रोवणीच्या चिखलापेक्षा जड जाते. शाळेत विचारायला जावं तर तिथं कोणाला विचारायचं तेच कळत नाही. ट्यूशनवालीला विचारता येतं. ती दारातच भेटते आणि तिच्याशी भांडताही येतं.

मला सांगायची आहे ती गोष्ट लोकेशची, म्हणजे खरं तर त्याच्या बहिणीची.

लोकेश लाखनीपासून आत, तलावाकाठच्या एका गावातून यायचा. वडील सुखदेवभाऊ. थोडी धानाची शेती, आणि हायवेवर टायर पंक्चरचं दुकान. लोकेश नववीत एकदा नापास झालेला. म्हणून एक वर्षानं लहान असलेली बहीण आणि तो, दोघं आता दहावीत एकाच वर्गात. गावातल्या हायस्कूलमध्ये गणिताच्या शिक्षकांची जागा दोन वर्षांपासून रिकामी. मध्ये तासिकेवर एक तरुण आला होता, तो दुसरीकडं बरी नोकरी लागताच गेला. त्यानंतर गणिताचा तास कधी मुख्याध्यापक घ्यायचे, कधी कोणीच नाही.

लोकेश स्वभावानं गरीब. मागं खिडकीपाशी बसायचा. विचारलं तर मान खाली. पण काही दिवसांनी हा पोरगा तास सुटल्यावर माझ्यापाशी येऊन प्रश्न विचारायला लागला, आणि प्रश्न असे की मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. ऋण गुणिले ऋण धन होते, ते काहून? शून्यानं भागत नाहीत, पण भागलं तर काय होईल? वर्गसमीकरणात पूर्ण वर्ग करताना दोन्हीकडं सारखंच मिळवायचं, तर मुळात मिळवायचंच कायले? इतक्या वर्षांत 'परीक्षेला येईल का' याच्यापलीकडं प्रश्न विचारणारी पोरं मी बोटावर मोजावी इतकीच पाहिली आहेत. मी तर हरखून गेले. दुसऱ्या बॅचला सांगायला लागले, बघा, नापास झालेला पोट्टा कसा विचार करतो ते!

उत्तर दिलं की तो ते ओठातल्या ओठात म्हणत जायचा. पाण्यानं भरलेली गुंडी डोक्यावर घेऊन बाई चालते ना, सांडू नये म्हणून, तसा. मला वाटायचं, केवढी निष्ठा! आणि चाचणी घेतली की पेपर कोरा. ज्या पोरानं आदल्या दिवशी ऋण आकड्यांवरून मला घाम फोडला, त्याला उणे तीन गुणिले उणे दोन जमेना.

एक दिवस तो पुन्हा तोच शून्याचा प्रश्न घेऊन आला. मी म्हटलं, अरे, हे तर परवा सांगितलं होतं. तो चुळबुळला आणि म्हणाला, "हो मॅडम, पण तेवढ्यानं तिचं समाधान नाही झालं."

"कोणाचं?"

मग सगळं बाहेर आलं. प्रश्न आचलचे होते. संध्याकाळी हा घरी गेला की ती त्याला समोर बसवायची आणि आज काय शिकवलं ते सगळं वदवून घ्यायची. जिथं अडायचं तिथला प्रश्न बांधून सकाळी त्याच्याबरोबर पाठवायची. माझं उत्तर संध्याकाळी तिच्याकडं. शिवाय ती एकटी नव्हती. गावातल्या दहावीच्या सात-आठ पोरी संध्याकाळी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये जमायच्या, कारण तिथं लाईट चांगला आणि टीव्हीचा आवाज नाही. घर कोणत्याही समाजाचं असो, पोरी तिथं यायच्या, आणि आचल त्यांना शिकवायची. म्हणजे मी इकडं लाखनीत ओरडत होते आणि तिकडं तलावाकाठी माझी एक बॅच चालत होती, मला पत्ताच नाही. लोकेश बिचारा पोस्टमन.

मला राग यायला हवा होता का? आला नाही. मला त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागलं.

पण ही पोरगी स्वतः का येत नाही? भाऊ येतो त्याच गाडीनं तिलाही येता आलं असतं. मी सुखदेवभाऊंच्या दुकानावर गेले. ते ट्रकचं टायर खोलत होते. हात पुसून त्यांनी स्टूल दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, आचलला पाठवा. त्यांना नवल वाटलं. म्हणाले, "मॅडम, लोकेश कच्चा हाय, म्हणून तुमच्याकडे टाकला. आचल हुशार हाय, तिले कायले ट्यूशन? औषध बिमाराले देतेत."

माणूस वाईट नव्हता. पोरीचं कौतुकच करत होता. मी म्हटलं, तिची फी नको. तर त्यांचा चेहरा पडला. फुकटात पोरगी शिकवली असं गावानं म्हणावं, हे त्यांना चाललं नसतं. शिवाय सकाळी आई शेतावर किंवा कामावर जाते, तेव्हा घरचं पाणी, स्वयंपाक आचलकडं. पहिल्या गाडीनं दोघंही गेली तर चूल कोण पेटवणार? ते म्हणाले, पॉलिटेक्निक करायचं म्हणते ती, दहावीत चांगले मार्क पाडले तर पाहू. नाहीतर बस झालं. तेव्हा मला कळलं की या पोरीचं पुढचं सगळं गणिताच्या पेपरावर टांगलेलं आहे, आणि तो विषय शिकवणारं तिच्या शाळेत कोणी नाही.

घरी येताना मला माझ्या वर्गात बसलेली सगळी पोरं आठवली. त्यातल्या कितीतरी पोरांच्या घरी अशी एक बहीण असेल. त्यांच्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं, याची चुटपुट मला अजून आहे.

मग मी माझी पद्धत बदलली. लोकेशला म्हटलं, पोस्टमन तर पोस्टमन, पण पत्र वाचून घेऊन जायचं. तास सुटला की तो फळ्यापाशी उभा राहणार आणि संध्याकाळी घरी जे सांगणार ते आधी मला सांगणार. पहिले काही दिवस त्याला घाम फुटायचा. मग जीभ सुटली. शिकवायला लागलं की कळायला लागतं, हा आमच्या कामातला जुना अनुभव आहे. ज्याला काही येत नाही त्याला शिकवायला लावा. लोकेशच्या चाचण्यांत आता पानं भरायला लागली. माझ्या सांगण्याला तो आपली उदाहरणंही जोडायचा, आणि मी म्हणायचे, शाब्बास.

पुढं जे झालं ते ह्याच शाब्बासकीमुळं.

अंकगणिती श्रेढी नावाचा धडा दहावीला आहे. पहिली संख्या घ्यायची आणि दर वेळी ठरावीक वाढवत जायचं. पाच, आठ, अकरा, चौदा. बारावी संख्या कोणती? पाचमध्ये तीन किती वेळा मिळवायचे? बारा वेळा नाही, अकरा वेळा. का ते मी कुंपणाच्या खांबांवरून सांगते. बारा खांब ओळीत रोवले तर मधल्या जागा अकराच. सूत्र पाठ करू नका, खांब डोळ्यांसमोर आणा, हे माझं घोकून घोकून सांगणं. लोकेशनं मला फळ्यावर बरोबर करून दाखवलं आणि गेला.

घरी त्यानं विचार केला की विहारातल्या पोरींना कुंपणाचे खांब कुठं ठाऊक आहेत, आपल्याकडचं काहीतरी सांगावं. म्हणून त्यानं धानाच्या बांध्या घेतल्या. बांधी म्हणजे शेताचा तो चौकोनी तुकडा ज्यात पाणी उभं राहतं, आणि तिच्या काठचा मातीचा बांध तो धुरा. ओळीत बारा बांध्या असल्या तर धुरे किती लागतात? रोवणीला गेलेल्या कोणत्याही पोरीला विचारा. तेरा. दोन्ही टोकांना धुरा हवाच, नाहीतर पाणी वाहून जाईल. तेव्हा तीन तेरा वेळा मिळवा. झालं! उदाहरण अस्सल आपल्या मातीतलं, आणि उत्तर साफ चूक.

दुसऱ्या दिवसापासून लोकेश आला नाही. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापायला आला होता. धान घरी येईपर्यंत आमच्याकडं शाळा काय नि ट्यूशन काय. त्यातच शाळेत पहिल्या सत्राची परीक्षा झाली, आणि कापणीपायी लोकेशची ती बुडाली.

धान आटोपून लोकेश आला तो रडवेला. शाळेत मोठं कांड झालं होतं. गणिताच्या पेपरात विहारातल्या सगळ्या पोरींचं एकच चुकीचं उत्तर, तेही शब्दशः तशाच रीतीनं. मुख्याध्यापकांनी गाईडवरून पेपर तपासले होते. बरोबर उत्तरं सारखी आली तर कोणी काही म्हणत नाही, चुकीची उत्तरं सारखी आली की ती कॉपी. त्यांनी पोरींना उभं करून विचारलं, हे कोणी सांगितलं? पोरी म्हणाल्या, आचलनं. खरंच होतं ते! पण सरांनी त्याचा अर्थ लावला की परीक्षेत आचलनं उत्तरं पुरवली. दहावीच्या निकालात ऐंशी मार्कांचं लेखी आणि वीस मार्क शाळेच्या हातात असतात, त्या विसांचं काय करायचं ते पाहतो, असं ते म्हणाले. सुखदेवभाऊंना शाळेत बोलावलं. ते चार लोकांसमोर ऐकून घेऊन घरी आले आणि त्यांनी आचलचं दप्तर माळ्यावर टाकलं. शाळा बंद. पोरीनं नाव घालवलं, एवढंच बोलले.

मी लोकेशला विचारलं, श्रेढी तू काय सांगितली होतीस? त्यानं बांध्या-धुऱ्यांचं सांगितलं. मी कपाळावर हात मारला आणि पुढच्या बॅचला सुट्टी देऊन सरळ बस स्टँडवर गेले. लोकेशला पुढं पाठवलं, बाबांना आणि आचलला कसंही करून शाळेत घेऊन ये म्हणून.

मुख्याध्यापकांनी मला बसायला सांगितलं, पण खुशीनं नाही. ट्यूशनवाली शाळेत आली म्हणजे शाळेची उणीदुणी काढायला आली असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, सर, ही कॉपी नाही. ही माझ्या तासाची चुकलेली नक्कल आहे. मग त्यांना सगळं सांगितलं, खांब, बांध्या, धुरे, विहार. ते ऐकत राहिले, पण मान हलेना. गोष्ट खरी कशावरून?

तेवढ्यात सुखदेवभाऊ आले. त्यांच्यामागं एक सडपातळ मुलगी, दोन वेण्या, डोळे सुजलेले. आचलला मी पहिल्यांदा पाहत होते. इतके दिवस जिच्या प्रश्नांना उत्तरं देत होते ती ही.

मी सरांना म्हटलं, एक करा. ह्या सगळ्या पोरींना लांब लांब बसवा आणि तुमच्या मनानं नवीन गणित द्या. ते उठले. पोरींना बोलावून कोणाला वर्गाच्या कोपऱ्यात, कोणाला व्हरांड्यात, एकीला तर ऑफिसच्या दाराशी बसवलं. गणित घातलं, पहिल्या आठवड्यात पाच झाडं लावली, दर आठवड्याला तीन जास्त, तर बाराव्या आठवड्यात किती? बरोबर उत्तर अडतीस. सरांनी एकेक कागद गोळा केला. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. शेवटचा कागद आचलचा, चव्वेचाळीस.

सगळ्याच्या सगळ्या पोरींचं गणित चुकलं, आणि मला आयुष्यात कोणत्या निकालाचा इतका आनंद झाला नव्हता.

सर कागद हातात धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ह्या चुकीचं शिकल्या. पण शिकल्या."

मी आचलला विचारलं, तुझ्या पुस्तकात सूत्र आहे, त्यात एक वजा करायला सांगितलं आहे, ते तू पाहिलं नाहीस? मला वाटलं, ती मान खाली घालेल. पण तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं.

"पाहिलं मॅडम. लहान आकडा घेऊन करून बी पाहिलं. पुस्तकाचंच जमत होतं. म्हणून प्रश्न बांधून ठेवला, पण भाऊ धान कापायले गेला होता. मंग म्हटलं, पुस्तक चुकलं असन, नाहीतर मलेच समजलं नसन. मॅडमनं सांगितलेलं कसं चुकन?"

पुस्तक बरोबर होतं, तिचं डोकं बरोबर होतं, आणि न पाहिलेल्या बाईवर विश्वास ठेवून तिनं दोन्ही बाजूला सारलं होतं. आपण शिकवतो म्हणजे काय करतो, याची मला त्या दिवशी भीती वाटली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, बाळा, आता पुढं मॅडमचं ऐकायचं नाही. जमतं की नाही ते पाहायचं, आणि जमेल त्याचं ऐकायचं.

मग आम्ही सगळे अंगणात गेलो. पोरींना ओळीत हात धरून उभं केलं. पोरी किती आणि धरलेल्या हातांच्या जोड्या किती ते मोजायला लावलं. जोड्या एकानं कमी. आता दोन्ही टोकांच्या पोरींनी मोकळे हात कमरेवर ठेवा. हे झाले काठचे दोन धुरे. खांब मोजले की मधली जागा एकानं कमी, बांध्या मोजल्या की धुरे एकानं जास्त. दोन्ही खरं. कोणत्या गणिताला कोणतं लागतं एवढंच ओळखायचं. लोकेश एका बाजूला तोंड पाडून उभा होता. त्यालाही मी ओळीत ओढलं आणि म्हटलं, चुकलास ते विचार करून चुकलास, पाठ करून नाही. सुखदेवभाऊ भिंतीला टेकून सगळं पाहत होते.

सरांचे मी मनापासून आभार मानते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर झाकपाक करून मोकळा झाला असता. त्यांनी सुखदेवभाऊंना खुर्ची देऊन सांगितलं की माझा समज चुकीचा झाला, पोरीला शाळेत पाठवा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी मराठीचा माणूस, मॅडम. गणिताचा तास माझ्यावर येतो तेव्हा मले रात्री झोप येत नाही." किती खरं बोलले ते! जागा भरा म्हणून त्यांनी किती वेळा वर लिहिलं, ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही बाहेरून शाळेला नावं ठेवतो. आत एक माणूस तीन माणसांचं काम करत बसलेला असतो, ते दिसत नाही.

त्यांनी मग आपल्या अधिकारात होतं तेवढं केलं. गणिताचा रिकामा तास आचलला देऊन टाकला. ती आणि लोकेश फळ्यापाशी, आणि सर स्वतः शेवटच्या बाकावर, पोरांनी गडबड करू नये म्हणून. जिथं अडेल तिथं त्यांच्या फोनवरून मला फोन. माझी अट एकच होती, उत्तर ऐकून घेतलं की आधी लहान आकड्यावर करून पाहायचं आणि जमलं नाही तर मला परत फोन करायचा. दोनदा तिनं परत फोन केला. एकदा ती चुकली होती. एकदा मी घाईत चुकीचा आकडा सांगितला होता, आणि तिनं तो पकडला. मी घरात सगळ्यांना सांगत सुटले.

जागा मात्र त्या वर्षी भरली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी वाचून लोकांना वाटतं, बघा, पोरं हुशार असली की कसंही शिकतात. कसंही शिकतात, पण त्यांनी कसंही शिकावं असं कुठं ठरलं होतं? एका पोरीनं वर्गाला शिकवलं म्हणून शिक्षकाची गरज संपत नाही. आणि शिकवायला तयार असलेली, बी.एड. झालेली माझ्यासारखी कितीतरी माणसं गावोगावी समोरच्या खोलीत फळा लावून बसली आहेत.

निकाल लागला. विहारातल्या सगळ्या पोरी गणितात पास झाल्या. लोकेश चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आय.टी.आय.ला जायचं म्हणाला. आचलला पॉलिटेक्निकला नंबर लागेल इतके मार्क पडले. मला फोन आला तेव्हा मी भाजी घेत होते. आनंदाच्या भरात पिशवी तिथंच विसरून आले.

त्यानंतर एका सकाळी, पहिली बॅच नुकतीच बसली होती, तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली. सुखदेवभाऊ, आणि मागं आचल. भाऊंनी चपला काढल्या, आत आले नाहीत. पॉलिटेक्निकला सगळं इंग्रजीत असतं म्हणतात, गणितही, असं त्यांनी ऐकलं होतं. कॉलेज सुरू होईपर्यंत तिला माझ्याकडं बसवायचं होतं. रोज मीच आणून सोडीन, दुकान नंतर खोलीन, घरचं पाणी लोकेश भरतो आता, असंही सांगून टाकलं.

मला त्यांची थोडी खोडी काढावीशी वाटली. म्हटलं, भाऊ, अहो ही तर हुशार आहे. हिला कशाला ट्यूशन?

सुखदेवभाऊ हसले नाहीत. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच आणली, मॅडम."

आचल आत आली आणि नववीच्या पोरांमध्ये सतरंजीवर बसली. त्या दिवशी मी जे शिकवलं ते तिला सगळं येत होतं. तरी तास संपेपर्यंत ती जागची हलली नाही, आणि बाहेर मोटरसायकलपाशी उभे असलेले तिचे वडीलही हलले नाहीत.